शांतता झाली की बोलत सुटणं: ती शांतता नक्की कुणाची असते?

प्रश्न: सासऱ्यांसोबत गाडीतून जाताना किंवा साहेबांबरोबर लिफ्टमध्ये शांतता झाली की मला कसंतरीच होतं. मग मी पाऊस, ट्रॅफिक असलं काहीही बोलत सुटतो आणि नंतर वाटतं कशाला बोललो. असं का होतं? बायकोसोबत तासभर गप्प बसलो तरी काही वाटत नाही, मग इथेच का?

उत्तर:

बायकोचं उदाहरण दिलंत ते फार बरं केलंत, कारण सगळी मेख तिथेच आहे. मी १९ वर्षं समुपदेशन करतेय आणि त्यातली बरीच वर्षं नवीन समुपदेशकांना शिकवतेय. शिकवताना आम्ही सरावाची संभाषणं रेकॉर्ड करतो आणि मग स्टॉपवॉच घेऊन ऐकत बसतो, कोण कुठे थांबलं, किती वेळ थांबलं, शांतता कुणी मोडली. हे काम केल्यावर एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे शांतता किती लांब आहे यावर अवघडलेपण फारसं ठरत नाही, ती कुठे पडली आणि त्या वेळी बोलायची पाळी कुणाची होती यावर ठरतं.

आधी घड्याळाचं बघू. आपण बोलतो तेव्हा एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात जी फट असते ती विलक्षण छोटी असते. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी २००९ साली १० वेगवेगळ्या भाषांमधले हो-नाही प्रकारचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोजली होती, त्यात सरासरी फट साधारण २०० मिलिसेकंद निघाली, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी लोक सगळ्यात झटपट, डॅनिश सगळ्यात सावकाश, पण तो फरकही अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर. मराठी त्यात नव्हती, पण माझ्या रेकॉर्डिंगमध्येही साध्या गप्पांचं चित्र वेगळं दिसत नाही. आता गंमत बघा, समोर चित्र दाखवून नुसतं त्याचं नाव सांगायला लावलं तरी माणसाला ६०० मिलिसेकंदाच्या आसपास लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत तयार व्हायला लागलेलं असतं आणि त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेऊन आपण बरोबर त्या जागी शिरतो. इतक्या बारीक वेळेवर लागलेल्या कानाला एक पूर्ण सेकंद म्हणजे खूप मोठा वाटतो. गेल जेफर्सन या संशोधिकेनं १९८९ साली हेच दाखवलं होतं, की गप्पांमध्ये साधारण एक सेकंद झाला की लोक चुळबुळ करून काहीतरी बोलून टाकतात.

पण नुसता वेळ मोठा वाटला म्हणून कसंतरीच का व्हावं? कारण उशिराला आपल्याकडे अर्थ असतो. तुम्ही मित्राला विचारलंत, "रविवारी येतोयस ना जेवायला?" आणि तो लगेच "हो, येतो की" म्हणाला तर विषय संपला. तेच तो क्षणभर गप्प राहिला, मग "अं... बघतो रे" म्हणाला, तर ते "अं" यायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असतं की हा येत नाही. होकार पटकन येतो, नकार रेंगाळत, कारण देत देत येतो. लहानपणापासून हजारो वेळा हे ऐकून आपला मेंदू शिकलेला असतो की फट लांबली म्हणजे समोर काहीतरी बिनसलंय. आणि तो हा धडा तिथेही लावतो जिथे कुणी काही विचारलेलंच नसतं. सासरे गप्प आहेत म्हणजे माझं बोलणं पटलं नाही, साहेब गप्प आहेत म्हणजे नाराज आहेत. नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगेन विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना एका गटाच्या संभाषणाचा व्हिडिओ दाखवला आणि आपण त्यातलेच एक आहोत अशी कल्पना करायला सांगितली. एका व्हिडिओत गप्पा सलग चालल्या, दुसऱ्यात एका वाक्यानंतर ४ सेकंद कुणीच काही बोललं नाही. दुसरा बघितलेल्यांना आपण नाकारलो गेलोय, आपण यांच्यातले नाही असं जास्त वाटलं. फक्त ४ सेकंद, आणि तेही पडद्यावर. त्यामुळे तुम्हाला जे होतं त्यात काही विचित्र नाही, ती नकाराची चाहूल आहे, फक्त ती बऱ्याचदा खोटी निघते.

आता शांतता कुठे पडते ते. संभाषणाचा अभ्यास करणारे लोक (सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफर्सन यांचा १९७४ चा लेख या शास्त्राचा पाया समजला जातो) तीन शांतता वेगळ्या करतात. एक, बोलणारा मधेच थांबलाय पण त्याचं बोलणं अजून संपलेलं नाही. दोन, एकाचं संपलंय आणि दुसऱ्यानं सुरू करायचंय. तीन, विषयच संपलाय आणि पुढची पाळी कुणाचीच नाही. तुम्हाला त्रास देणारी बहुतेक वेळा तिसरी असते. ती येताना ऐकू येते, बघा. "हो ना." "चालायचंच." "हं." मग थोडी शांतता, मग कुणीतरी "बाकी काय?" आपलं हे "बाकी काय" म्हणजे विषयाचं भांडं रिकामं झालं आणि तरी बोलणं चालू ठेवायचंय याची जाहीर कबुली आहे, आणि समोरचाही "बाकी काही नाही, तुम्ही सांगा" म्हणून ती जबाबदारी तशीच परत करतो.

मग बायकोसोबत ही तिसरी शांतता येत नाही का? येते, दिवसातून पन्नास वेळा येते. पण तिथे बोलणं हे तुमचं त्या वेळचं काम नसतं. दोघं एका घरात आहात, बोलणं कधीही सुरू होऊ शकतं, कधीही थांबू शकतं, थांबलं म्हणजे भेट संपली असं होत नाही. तिनं मटार सोलता सोलता काहीतरी म्हटलं, तुम्ही हं केलं, वीस मिनिटांनी तुम्ही काही बोललात, आणि कुणाचंच देणं लागलं नाही. पारावर बसलेली म्हातारी माणसं बघा, तशीच. याउलट सासऱ्यांसोबत तुम्ही मनात असं धरलंय की आत्ता भेट चालू आहे, भेट म्हणजे गप्पा, आणि जावई म्हणून गप्पा चालू ठेवायची जबाबदारी माझी. जे काम म्हणून धरलंय ते बंद पडलं की अपयश वाटणारच. अमेरिकेत डार्टमथच्या संशोधकांनी २०२३ साली हेच तपासलं, संभाषणातल्या दोन सेकंदांपेक्षा लांब फटी काढून बघितल्या. अनोळखी लोकांमध्ये त्या अवघडलेल्या निघाल्या आणि मित्रांमध्ये मात्र तशाच लांब फटींच्या वेळी उलट जवळीक जास्त वाटत होती.

एक छोटं विषयांतर करते, कारण पुष्कळ लोक मला म्हणतात की माणसाला शांततेची भीती जन्मजातच असते. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली असंच काहीसं लिहिलं होतं, की गप्प बसलेला परका माणूस धोक्याचा वाटतो म्हणून हवापाण्याच्या गप्पा होतात, त्यातून माहिती मिळत नाही, नुसता धागा जोडला जातो. दुसरा भाग मला पूर्ण पटतो. पहिला सगळीकडे खरा नाही. कीथ बासो या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञानं १९७० साली ॲरिझोनातल्या पश्चिमी ॲपाची या मूलनिवासी लोकांबद्दल लिहिलं की तिथे अनोळखी माणसं भेटली की आधी गप्पच राहतात, घाईघाईनं ओळख काढणाऱ्याबद्दलच उलट संशय येतो, आणि दुःखात असलेल्या माणसाशीही कुणी फार बोलत नाही. हे शेवटचं तर आपल्यालाही माहीत आहे. कुणाकडे मयत झाल्यावर भेटायला जातो तेव्हा अर्धा तास खाली मान घालून बसतो, दोन शब्द बोलतो, उठतो. तिथे कुणालाही अवघडत नाही, कारण तिथे गप्प बसणं हेच काम आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तीच माणसं, तीच शांतता, फक्त त्या जागेचा रिवाज वेगळा.

आता तुमच्या गाडीत येऊ. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक तरुण आला होता, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदलून सांगतेय. पुण्यात नोकरी, सासरे नाशिककडचे द्राक्षबागायतदार, महिन्यातून एकदा त्यांना डोळ्यांच्या तपासणीला पुण्याला आणायचं आणि परत सोडायचं, म्हणजे एका वेळेला दोनशे किलोमीटरच्या वर आणि पाच तास. तो म्हणाला ते एक शब्द बोलत नाहीत, मीच बोलून बोलून थकतो, घरी पोचेपर्यंत डोकं दुखतं. पुढच्या वेळी त्याची बायको सोबत आली आणि ती म्हणाली, बाबा घरी वेगळंच सांगतात, म्हणतात जावई चांगला आहे पण मला बोलूच देत नाही.

हे ऐकून त्याला धक्काच बसला. मग आम्ही खोलीतच एक प्रयोग केला. मी सासरे झाले, तो गाडी चालवतोय असं धरून त्यानं समोर भिंतीकडे बघायचं, दहा मिनिटं बोलायचं, आणि रेकॉर्ड करायचं. नंतर ऐकलं तर माझं प्रत्येक छोटं उत्तर संपल्यावर तो एक सेकंदही थांबत नव्हता, पुढचा प्रश्न तयार. दहा मिनिटांत वीसच्या वर प्रश्न झाले आणि एकाही विषयावर मला दोन वाक्यांच्या पुढे जाता आलं नाही. त्याला स्वतःला हे बोलताना अजिबात जाणवलं नव्हतं, ऐकल्यावर तो गप्पच झाला.

इथे काय होत होतं? सासऱ्यांची बोलायची लय सावकाश होती. ते आधी एक शब्द टाकायचे, थांबायचे, मग खरं बोलणं सुरू करायचे. म्हणजे ती शांतता पहिल्या प्रकारची होती, त्यांच्या स्वतःच्या बोलण्यामधली. पण याच्या कानाला ती तिसऱ्या प्रकारची वाटायची, विषय संपला, आता पडझड झाली, सावरा. मग हा नवीन प्रश्न टाकायचा, त्यांचं बोलणं तिथेच तुटायचं, ते पुन्हा एका शब्दात उत्तर द्यायचे, आणि याची खात्री आणखी पक्की व्हायची की हे बोलतच नाहीत. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या एका थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणातल्या गप्पा रेकॉर्ड करून अगदी हेच दाखवलं होतं. भरभर बोलणाऱ्या न्यूयॉर्कवाल्यांना वाटायचं बाकीच्यांना काही बोलायचंच नाही, आणि बाकीचे आपल्याला शिरायला जागा कधी मिळते याची वाट बघत बसायचे. दोन्ही बाजूंचा हेतू चांगलाच होता.

त्याला मी एकच गोष्ट करायला सांगितली. सासऱ्यांचा शब्द संपला की दोन सावकाश श्वास घ्यायचे आणि मगच तोंड उघडायचं. आकडे मोजायला सांगत नाही मी, कारण मोजणारा माणूस ऐकायचं विसरतो. दोन श्वासांना काही सेकंद लागतात, आणि पहिल्यांदा ते असह्य वाटतात हे आधीच सांगून ठेवलं. पुढच्या फेरीनंतर त्यानं आठवून जे सांगितलं ते साधारण असं होतं:

"ऑक्टोबरची छाटणी झाली का?"

"झाली."

(दोन श्वास. संगमनेरच्या अलीकडे, चंदनापुरी घाटाजवळ.)

"यंदा उशिरा घेतली."

(पुन्हा शांतता, याच्या हाताला घाम.)

"मागच्या साली लवकर घेतली होती, अन् पावसानं डाऊनीचा रोग आला. सगळे घड गेले. तवा ठरवलं, आता घाई नाही करायची."

आणि मग सिन्नर येईपर्यंत ते फवारणी, मजुरी, व्यापारी बुडवून गेला ती गोष्ट असं सगळं बोलत होते. आधीच्या फेऱ्यांमध्ये यानं "झाली" नंतर लगेच "मग पाऊस कसा आहे तिकडे?" असं विचारलं असतं आणि "आहे बरा" एवढंच मिळालं असतं. व्यापाऱ्याची गोष्ट लग्नाला चार वर्षं होऊन त्याला माहीतच नव्हती.

हे कसं ओळखायचं की समोरच्याचं संपलंय की तो अजून मधेच आहे? समोरासमोर असाल तर नजर सांगते. बोलायचं बाकी असलेला माणूस बहुतेक वेळा नजर दुसरीकडे ठेवतो, खाली किंवा लांब, आणि संपलं की तुमच्याकडे बघतो. गाडीत नजर मिळत नाही म्हणून तर तिथे गोंधळ जास्त होतो, तिथे आवाजावर कान ठेवायचा. शेवटचा शब्द खाली उतरून बसला की संपलंय, लटकत राहिला की बाकी आहे. आत ओढलेला श्वास ऐकू आला तर नक्कीच थांबा, तो माणूस बोलायला सुरुवात करतोय. आणि दोन श्वास झाल्यावरही काही आलं नाही तर काही बिघडत नाही, तेव्हा तुम्ही बोला.

पण तेव्हा प्रश्न विचारू नका, ही दुसरी गोष्ट. प्रश्न विचारला की समोरच्यावर उत्तराचं देणं तयार होतं, त्यानं दोन शब्दांत ते फेडलं की पुन्हा शांतता तुमच्याच गळ्यात. त्यापेक्षा नुसतं एक विधान करा. "हा रस्ता रुंद झाल्यापासून बरं झालं." यावर त्यांना बोलायचं असेल तर बोलतील, नसेल तर खिडकीतून बघत बसतील, दोन्ही चालतं, कुणाची पाळी चुकली असं होत नाही. बायकोसोबत तुम्ही नकळत हेच करत असता, घरातली निम्मी वाक्यं अशी हवेत सोडलेलीच असतात. तुमच्या मनातलं पाऊस आणि ट्रॅफिक मला मुळीच वाईट वाटत नाही, फक्त ते प्रश्न म्हणून एकामागून एक टाकू नका.

लिफ्टचं मात्र वेगळं आहे आणि तिथे दोन श्वासांचं काही करू नका. लिफ्टची भेट अर्ध्या-एक मिनिटाची, ती कुठे संपणार हे दोघांनाही माहीत असतं. तिथे धागा जोडणारं एक वाक्य पुरतं, "नमस्कार सर, आज लवकर?" आणि त्यांनी उत्तर दिलं की आकड्यांकडे बघत उभं राहिलात तरी चालतं. तिथे तुमची चूक होत असेल तर ती एका वाक्यानंतर दुसरं, तिसरं ढकलण्यात होत असणार, कारण दार उघडायच्या आत मोठा विषय संपवता येत नाही आणि अर्धवट तुटलेलं बोलणं नंतर दिवसभर खटकतं.

काही ठिकाणी हे चालत नाही तेही सांगते. समोरच्यानं तुम्हाला थेट प्रश्न विचारलाय आणि तुम्ही दोन श्वास गप्प, तर तो नकारच ऐकेल, तिथे "थांबा, सांगतो" असं आधी म्हणा आणि मग विचार करा. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो, ती फट नेटवर्कची असते, तिचा कुणाच्या मनाशी संबंध लावू नका. आणि भांडणानंतरचा अबोला ही वेगळीच गोष्ट आहे, तिथे समोरचा मुद्दाम गप्प असतो, त्याला वाट बघून नाही तर विषय काढूनच भिडावं लागतं. शिवाय हे अवघडणं ठरावीक एक-दोन माणसांपुरतं न राहता सगळ्यांसोबत होत असेल, छातीत धडधड होऊन तुम्ही लोकांना भेटणंच टाळत असाल आणि हे महिनोन्महिने चालू असेल, तर ते निव्वळ शांततेचं नाही, मग मानसोपचारतज्ज्ञांना किंवा मानसशास्त्रज्ञांना प्रत्यक्ष भेटा. तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटत नाही.

तर पुढच्या वेळी सासऱ्यांसोबत निघालात की पूर्ण प्रवासभर काही पाळायला जाऊ नका, ते जमत नाही. पहिल्या चहापर्यंत फक्त तीन वेळा दोन श्वास थांबून बघा आणि प्रत्येक वेळी नंतर आधी कोण बोललं एवढंच लक्षात ठेवा. तीनपैकी एकदा जरी ते आपणहून बोलले तर त्यांची लय तुमच्यापेक्षा सावकाश आहे एवढं कळेल. आणि तीनही वेळा ते गप्पच राहिले, खिडकीबाहेर बघत बसले, तर तेही सांगा मला. त्या दुसऱ्या जावयाचे सासरे चौथ्या-पाचव्या फेरीत नारायणगावच्या पुढे गाडीत चक्क झोपायला लागले, आणि त्यानं मला ते फोन करून सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात मला पहिल्यांदा आनंद ऐकू आला.